चवथीआधी रंगणारा दिवाणखाना: फोंड्याजवळच्या एका घरातली नमुना-चाचणी

गोव्यात घर रंगवायचे ते बहुधा चवथीच्या तोंडावर. म्हणजे रंग निवडायचा जुलैत, पावसाच्या ऐन महिन्यात, ढगाळ उजेडात. मात्र त्या भिंतीसमोर माणसे बसणार वर्षभर. जुलैत भिंतीवर पाहिलेला नमुना डिसेंबरात कसा दिसेल, हे आधीच पारखून घेता येते का? बऱ्याच अंशी येते. त्यासाठी नमुना कुठे लावायचा, कोणत्या वेळी पाहायचा आणि कोणत्या वेळेला किती महत्त्व द्यायचे, एवढे नीट ठरवावे लागते. फोंडा तालुक्यातल्या एका घराच्या दिवाणखान्यावरून ते इथे क्रमाने मांडले आहे.

खोली

खोली 16 फूट लांब, 12 फूट रुंद आणि 10 फूट उंच. लांबी पूर्व-पश्चिम. भिंती चिऱ्याच्या, वर गिलावा, त्यावर जुना फिका पिवळा डिस्टेंपर. छत पांढरे. जमीन तांबड्या सिमेंटची, घोटून चकचकीत केलेली. पूर्वेला मुख्य दार आणि बाहेर कौलारू पडवी. पडवीची जमीनही तांबडीच. उत्तरेच्या भिंतीत दोन खिडक्या असून त्यांच्यासमोर कुळागर आहे: पोफळी, केळी, माडावर चढलेली मिरवेल. पश्चिमेच्या भिंतीत मधोमध एक खिडकी, बाहेर मोकळे अंगण. दक्षिणेची भिंत सलग. गणपती बसतो तो पश्चिमेच्या भिंतीच्या दक्षिण टोकाला, आणि वर माटोळी, म्हणजे पानाफळांनी सजवलेली टांगती चौकट.

घरच्यांना पिवळा नको होता. शेड कार्डावरून त्यांनी तीन छटा काढल्या होत्या. पहिली निळसर झाकेचा फिका राखाडी; तिला अ म्हणू. दुसरी किंचित तांबूस-पिवळ्या झाकेचा ऑफ-व्हाइट, ती ब. तिसरी हिरवट झाकेचा राखाडी-बदामी, ती क. पेंटरने तिन्हींचे एकेक फुटाचे चौकोन दाराशेजारी, जुन्या पिवळ्या डिस्टेंपरवरच एकमेकांना लागून मारले होते. सकाळी अकरा वाजता सगळ्यांनी एकमताने अ निवडला. रंग मागवायचे तेवढे बाकी होते.

ती निवड का थांबवली

त्या चौकोनांत तीन दोष होते आणि तिन्ही नेहमी आढळणारे आहेत.

पहिला, भोवतीचा पिवळा. डोळा रंग शेजाऱ्याच्या तुलनेत वाचतो. पिवळ्याने वेढलेला राखाडी आहे त्याहून निळा आणि स्वच्छ भासतो. सगळी खोली राखाडी झाली की तो पिवळा उरत नाही आणि ज्या ताजेपणाला सगळे भुलले, तोही उरत नाही. चौकोन एकमेकांना चिकटून असले की हाच खेळ त्यांच्यातही चालतो: क च्या शेजारी ब गुलाबी वाटतो, अ च्या शेजारी तोच पिवळा.

दुसरा दोष जागेचा. दाराशेजारची भिंत ही या खोलीतली सर्वांत उजेडाची जागा. तिथे पसंत पडलेला रंग दक्षिणेच्या भिंतीच्या मध्यावर दोन पायऱ्या गडद दिसेल.

तिसरा दोष वेळेचा. अकरा वाजता या दिवाणखान्यात कोणी बसत नाही. घरची माणसे इथे असतात ती सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर.

शिवाय डिस्टेंपर खडूसारखा भुकटी धरणारा होता. प्रायमरशिवाय त्यावर मारलेले इमल्शन कुठे शोषले जाते, कुठे वर राहते. असा डागाळलेला नमुना छटेबद्दल काही सांगत नाही.

फळ्या

म्हणून नमुने भिंतीवरून उतरवून हलवता येणाऱ्या फळ्यांवर घेतले. 6 मिलीमीटर प्लायचे 2 फूट बाय 2 फूट तुकडे, प्रत्येक छटेचे दोन. आधी पांढऱ्या वॉटर-बेस प्रायमरचा एक हात. तो वाळल्यावर चारी कडांना एकेक इंच मास्किंग टेप लावून त्या पांढऱ्याच ठेवल्या, म्हणजे फळी जुन्या भिंतीला टेकवली तरी नमुना आणि पिवळा यांच्यामध्ये पांढरी चौकट राहते. मग रंगाचे दोन हात, त्याच रोलरने जो पुढे भिंतीवर चालणार आहे. ब्रशने मारलेल्या आणि रोलरने मारलेल्या पृष्ठभागावरून उजेड वेगळा परततो. एकच डबा असूनही छटा वेगळी वाटते.

रंग घेताना दोन गोष्टी पाहिल्या. उत्पादन आणि चमक अंतिम रंगाचीच हवी. भिंतीला सॅटिन लावायचे असेल तर मॅटचा नमुना चालत नाही, कारण मॅट उजेड विखुरतो आणि थोडा फिका दिसतो. दुसरी गोष्ट प्रमाणाची. फिक्या छटेत मुळात रंगद्रव्य काही थेंबच असते. अगदी लहान डब्यात मशीनचा अर्धा थेंब इकडेतिकडे झाला तर छटा सरकते. म्हणून प्रत्येक छटा 1 लिटरच्या डब्यात टिंट करून घेतली. दोन फळ्यांना दोन हातांसाठी त्यातला थोडाच लागतो. पण नमुनाच चुकीचा निघाला तर सगळी चाचणी वाया जाते. पाणी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मोजून घातले. पातळ केलेला नमुना दोन हातांतही पूर्ण झाकत नाही आणि फिका दिसतो.

पावसाळ्यात वाळण्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. इमल्शन ओले असताना दुधट, फिके असते. वाळताना त्यातले पॉलिमर पारदर्शक होते आणि रंग एक पायरी गडद होतो. डब्यावर दोन हातांमध्ये चार तास लिहिलेले असले तरी जुलैतल्या दमट हवेत तेवढ्याने भागत नाही. इथे पंख्याखाली पहिला हात रात्रभर वाळू दिला आणि दुसऱ्या हातानंतर पूर्ण दिवस जाईपर्यंत फळ्यांकडे निर्णयासाठी पाहिले नाही.

आधी भिंत कोरडी आहे का

चिरा सच्छिद्र दगड आहे, आणि गोव्यात पावसाचा मारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. म्हणून प्रत्येक बाहेरच्या भिंतीवर दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून ठेवला. सोळा तासांपेक्षा आधी तो काढायचा नाही. पश्चिमेच्या खिडकीखाली कागदाच्या आतून बाष्प धरले आणि गिलावा गडद पडला. ओल असलेल्या भिंतीवर कोणताही नमुना गडद दिसतो, वाळल्यावर फिका होतो आणि पुढे पोपडे धरतो ते वेगळेच. खिडकीच्या उंबऱ्याबाहेरची फट बुजवली, आतून पंखा लावला, आणि तो भाग पुन्हा कोरडा ठरेपर्यंत तिथे प्रायमरही लावला नाही. फळ्यांचा इथे आणखी एक उपयोग झाला: भिंत वाळायची वाट पाहताना छटेचे काम थांबले नाही.

वेळा

फळ्या तीन जागी फिरवल्या: उत्तरेच्या दोन खिडक्यांच्या मधे, दक्षिणेच्या भिंतीच्या मध्यावर, आणि दाराजवळ जमिनीला टेकवून. एका वेळी एकच छटा, बाकीच्या खोलीबाहेर. शेजारी छापखान्याचा साधा पांढरा कागद टेकवला. डोळे खोलीच्या उजेडाला पाच मिनिटांत सरावतात आणि हिरवट उजेडही पांढरा मानू लागतात. तो कागद त्यांना भानावर ठेवतो. मोबाइलवर काढलेले फोटो निर्णयासाठी वापरले नाहीत. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स उजेडाची झाक आपणहून काढून टाकतो, आणि आपल्याला तर नेमकी तीच झाक पाहायची असते.

सकाळी साडेसात, आकाश भरलेले. उत्तरेच्या खिडक्यांतून येणारा उजेड कुळागरावरून परतून आत येतो. क छटेत मुळातच हिरवी झाक होती; ती या वेळी उघड शेवाळी दिसली. अ चा निळा या हिरव्यात विरला आणि उरला तो मळकट राखाडी. ब मधला तांबूसपणा हिरव्याने कापला गेला आणि ती छटा जवळजवळ नितळ पांढरी दिसली. इथे एक शंका साहजिक आहे: पाऊस सरल्यावर हा हिरवा कमी होईल का? होणार नाही. कुळागर बारमाही हिरवे असते. उलट डिसेंबरात सूर्य दक्षिणेला असल्याने झाडांची घराकडची बाजू उजळते आणि तोच उजेड खिडक्यांकडे परततो. क तिथेच बाद झाला.

दुपार, पावसाची उघडीप. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडून जातो. जुलैत तो घड्याळात पावणेएकच्या आसपास इतका उंच असतो की कौलांच्या पुढे आलेल्या कडांमुळे आत थेट ऊन येत नाही. जे येते ते जमिनीवरून परतलेले. तांबड्या जमिनीवरून उसळलेला उजेड भिंतीचा खालचा तीनेक फुटांचा पट्टा रंगवतो. फळी जमिनीला टेकवल्यावर अ तिथे स्पष्ट जांभळट झाला, कारण निळसर राखाडीवर तांबडा पडला. तीच फळी पाच फुटांवर धरली की पुन्हा राखाडी. एका भिंतीवर खाली जांभळा आणि वर राखाडी, हे रोज नजरेत येते. ब खाली किंचित गुलाबीकडे झुकला, पण वरच्या भागापासून तुटून वेगळा दिसला नाही.

संध्याकाळ, उन्हाची. पावसात अशी संध्याकाळ क्वचित मिळते. तिची वाट पाहावी लागली. नारिंगी ऊन थेट पडले की सगळ्या छटा मलईसारख्या दिसतात. अ तेव्हा सुंदर, उबदार पांढरा दिसला आणि घरच्यांचे मन पुन्हा तिकडे ओढले. हा उजेड फार तर पंधरा-वीस मिनिटे टिकतो आणि वर्षातल्या बऱ्याच दिवशी येतच नाही, म्हणून त्या वेळेच्या दिसण्याला निर्णयात कमीत कमी वजन दिले. पण ऊन कुठे पडते, हे मात्र नीट टिपले. जुलैत सूर्य पश्चिमेच्या सुमारे 21 अंश उत्तरेला मावळतो. पश्चिमेच्या खिडकीच्या मध्यातून निघालेला किरण 16 फूट पुढे जाईपर्यंत साधारण सहा फूट दक्षिणेला सरकतो, म्हणजे आग्नेयेच्या कोपऱ्यावर पडतो. डिसेंबरात सूर्य 24 अंश दक्षिणेला मावळतो आणि तेच ऊन ईशान्येच्या कोपऱ्यावर जाते. जुलैत जी भिंत संध्याकाळी निवांत दिसते, तिच्यावर डिसेंबरात ऊन असते. म्हणून फळ्या आग्नेय कोपऱ्यात उन्हात धरून पाहिल्या आणि जे दिसले ते ईशान्य कोपऱ्याच्या नावे नोंदवले.

रात्र, साडेआठ. खोलीत 6500 केल्विनची पांढरी एलईडी ट्यूब होती आणि गणपतीच्या जागेवर 3000 केल्विनचे दोन पिवळसर दिवे. ट्यूबखाली अ निळा पडला. घरच्या काकींनी पेंटरला विचारले, "मेस्त, सकाळी हाच राखाडी होता ना? मग आता दवाखान्यासारखा का दिसतो?" कारण सरळ आहे: ट्यूबच्या उजेडात निळा भाग जास्त आणि अ मध्ये तो परतवणारे रंगद्रव्य. अकरा वाजता एकमताने निवडलेली छटा, ज्या वेळी घर खरोखर या खोलीत बसते, त्याच वेळी नापसंत ठरली. ब ट्यूबखाली स्वच्छ, थोडा सपाट दिसला. पिवळ्या दिव्यांखाली मात्र लोण्याच्या रंगाकडे गेला.

कोपऱ्याची चाचणी

आतापर्यंत ब पुढे होता. पण चार चौरस फुटांची फळी आणि चार भिंती यांत एक फरक राहतोच. पूर्ण रंगवलेल्या खोलीत एका भिंतीवरून परतलेला उजेड दुसऱ्या भिंतीवर पडतो आणि दर फेरीत छटेची झाक वाढते. फळीवर जी झाक जेमतेम जाणवते ती खोलीभर ठळक होते. पिवळ्या-तांबूस झाकांत हे फार लवकर कळते.

ते आधी पाहण्याचा उपाय सोपा आहे आणि त्यासाठीच एका छटेच्या दोन फळ्या केल्या होत्या. दोन्ही फळ्या खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात, कडेला कड लावून उभ्या करायच्या आणि सांध्याच्या जवळचा भाग पाहायचा. इथे पिवळ्या दिव्याखाली ब च्या सांध्याजवळचा पट्टा फळीच्या बाहेरच्या भागापेक्षा उघड पिवळा दिसला. ज्या घराला पिवळा नकोच होता, त्याला खोलीभर हाच मिळाला असता.

त्यात डिसेंबराचा हिशेब मिळवायचा होता. पूर्वेचे अंगण जुलैत गवताने झाकलेले असते. पाऊस सरला, गवत वाळले की तांबडी माती उघडी पडते. सकाळचे कलते ऊन त्या मातीवरून आणि पडवीच्या तांबड्या जमिनीवरून दारातून आत येते. म्हणजे या खोलीचा उजेड हिवाळ्यात आणखी उबदार होणार. एका स्वच्छ सकाळी पडवीत ऊन असताना दाराजवळ धरलेल्या ब च्या फळीवर त्याचा अंदाज आला: पांढऱ्या कागदाशेजारी ती फिकट बदामी वाटत होती.

म्हणून ब तशीच न घेता तिचा अर्धा घेतला. टिंटिंग मशीनवर त्याच बेसमध्ये प्रत्येक रंगद्रव्याचे प्रमाण निम्मे करून मागता येते. पण निम्म्याने छटा फक्त फिकी होते असे मानून चालत नाही. सूत्रात तीन रंगद्रव्ये असतील आणि त्यातले एक आधीच मशीनच्या किमान मापाच्या जवळ असेल, तर निम्मे करताना ते आकड्याच्या गोळाबेरजेत अडकते आणि झाक बदलते. त्यामुळे अर्ध्या छटेचाही 1 लिटरचा डबा काढून नव्या दोन फळ्या केल्या. सगळ्या वेळा पुन्हा पाहिल्या नाहीत. ज्या दोन वेळा निर्णायक होत्या त्याच पाहिल्या: ढगाळ सकाळ आणि रात्र. सकाळी उत्तरेच्या भिंतीवर ती कागदापेक्षा जेमतेम उबदार दिसली, हिरवी नाही. रात्री कोपऱ्याच्या चाचणीत सांध्याजवळ मलईसारखी, पण पिवळी नाही.

रात्रीचा उरलेला सपाटपणा रंगाने सोडवण्यासारखा नव्हता. तो ट्यूबचा दोष होता. 6500 केल्विनच्या जागी 4000 केल्विनची, म्हणजे कमी निळी, आणि रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय अंक 90 च्या वर असलेली ट्यूब लावून तीच फळी पाहिली आणि ट्यूब कायम केली. दिवा बदलायचा असेल तर तो छटा ठरवण्याआधी बदलावा. रंग दिल्यानंतर दिवा बदलला की रात्रीच्या नोंदी निकामी होतात. पिवळे दिवे गणपतीच्या जागेवर तसेच ठेवले. माटोळीच्या हिरव्या पानांमागे कोणतीही उदासीन छटा थोडी तांबूस भासते. त्या कोपऱ्यात ते शोभते.

डब्यापासून भिंतीपर्यंत

भिंतींचे क्षेत्रफळ दारे-खिडक्या वजा जाता सुमारे 500 चौरस फूट. एका लिटरात किती भिंत रंगते ते डब्यावर लिहिलेले असते; त्याप्रमाणे दोन हातांना 4 लिटरचा एक आणि 1 लिटरचा एक असे डबे पुरेसे ठरले. दोन्ही एका मोठ्या बादलीत ओतून, चांगले घोटून एकत्र केले. वेगवेगळ्या वेळी टिंट केलेल्या डब्यांत सूक्ष्म फरक असू शकतो आणि भिंतीच्या मधोमध डबा बदलला की तो सरळ रेषेत दिसतो.

भिंतीला हात लावण्याआधी या एकत्र केलेल्या रंगाचा तळहाताएवढा ठिपका मंजूर झालेल्या फळीच्या मध्यावर लावला आणि पूर्ण वाळू दिला. दिवसा आणि ट्यूबखाली, दोन्ही वेळा ठिपका शोधूनही सापडत नसेल तर डबा बरोबर. एका उजेडात नाहीसा होतो आणि दुसऱ्यात उठून दिसतो असे झाले, तर दुकानाने वेगळ्या रंगद्रव्यांनी छटा जुळवली आहे असे समजावे आणि डबे परत करावेत. इथे ठिपका दोन्हीकडे मिसळला.

जुने चौकोन दाराशेजारच्या भिंतीवर होतेच. टेपच्या कडेला रंगाचा जाड काठ साचला होता. असा काठ दोन हातांखालूनही तिरप्या उजेडात चौकटीसारखा दिसतो, आणि संध्याकाळच्या कलत्या उन्हात तर हमखास. 220 नंबरच्या पॉलिश पेपरने तो काठ घासून सपाट केला, भुकटी धरणारा डिस्टेंपर सगळ्या भिंतींवरून खरवडला, गरज तिथे पुट्टी, मग प्रायमर. भिंतीवर खरा नमुना एकदाच घेतला, दक्षिणेच्या भिंतीच्या मध्यावर, प्रायमरवर, टेप न लावता रोलरने कडा विरवत. तो फळीशी जुळतो एवढेच पाहायचे होते, कारण प्लाय आणि गिलावा रंग सारखा शोषत नाहीत. जुळला, आणि काम सुरू झाले.

मंजूर फळी घरातच ठेवली. तिच्या मागे पेनने छटेचा क्रमांक, बेस, अर्धे प्रमाण, चमक आणि मशीनने छापलेल्या लेबलवरचे सूत्र उतरवून घेतले. लेबल डब्यावर असते आणि डबा गंजतो. पश्चिमेच्या खिडकीला पडदा घ्यायचा झाला तर डिसेंबरात ती फळी ईशान्य कोपऱ्यात संध्याकाळच्या उन्हात धरून, कापडाचा तुकडा खिडकीवर टाकून पाहायचा. पडद्याचे अस्तर पांढरे असेल तर येणारा उजेड फक्त कमी होतो. रंगीत असेल तर तो रंग भिंतीवर उतरतो.